नूतनीकरण प्रलंबित

चंद्रपूरहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या मार्गावर, एका अंगाला ताडोब्याच्या अरण्याची पूर्वसीमा आणि दुसऱ्या अंगाला माजी मालगुजारी तलावांच्या पाण्यावर पिकणाऱ्या धानाच्या बांध्या, अशा भूमीत वसलेले मूल हे गाव बव्हंशी तांदळाच्या गिरण्यांवर नांदते. आणि त्या गिरण्यांपैकी एकीच्या कचेरीत, जिथे साध्या भरडाईबरोबरच धान भिजवून, वाफवून उष्णा तांदूळ काढण्याचे कामही होते, दप्तर सांभाळण्यात माझ्या आयुष्याचा मोठा भाग व्यतीत झाला. कीर्द-खतावणी, शेतकऱ्यांच्या काटापट्ट्या, शासकीय धानाच्या भरडाईचे करारनामे ही कामे तर नित्याचीच होती. परंतु वर्षातून एकदा, नवा धान येण्याच्या सुमारास, जो एक कागद तयार करावा लागे त्याविषयी येथे लिहावयाचे आहे. गिरणीवर कोणकोणत्या कायद्यांची कोणकोणती बंधने आहेत, त्यांतील प्रत्येकाची आज स्थिती काय, आणि कोणत्या परवान्याचे नूतनीकरण व्हावयाचे आहे, याचा तो तपशीलवार अहवाल असे. हंगामात धान खरेदीसाठी जे खेळते भांडवल लागते त्याची मर्यादा बँक दरवर्षी नव्याने ठरवीत असल्यामुळे बँक तो मागे. मालकांना तो स्वतःसाठी हवा असे. आणि मला तो हवा असे, कारण गिरणीची खरी प्रकृती ताळेबंदात दिसते त्याहून अधिक स्पष्टपणे या कागदात दिसते, असे माझे मत होते व आजही आहे.

मी कामावर रुजू झालो तेव्हा अहवालाचा जो जुना नमुना दप्तरात होता, त्यात तीनच रकाने होते: परवान्याचे नाव, मुदत संपण्याची तारीख, आणि शेरा. शेऱ्याच्या रकान्यात बहुधा तीनपैकी एक शब्दप्रयोग आढळे: ‘आहे’, ‘लागू नाही’, किंवा ‘नूतनीकरण प्रलंबित’. पहिल्या दृष्टीस हे पुरेसे वाटते. परंतु परवान्यामागचा कायदा उघडून वाचू लागल्यावर ध्यानात येते की या तिन्ही शेऱ्यांचा अर्थ प्रत्येक ओळीत निराळा आहे, आणि तिसऱ्याचा तर इतका निराळा, की एका ओळीत त्याचा अर्थ ‘काम निर्वेधपणे चालू ठेवावे’ असा निघतो आणि त्याच्याच खालच्या ओळीत ‘काम या क्षणी थांबवावे’ असा निघतो.

उदाहरणार्थ, फाटकाजवळचा वजनकाटा घ्यावा. गाडीसह धान तोलणाऱ्या अशा इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापनशास्त्र खात्याकडून दर बारा महिन्यांनी पडताळणी होऊन त्यावर मुद्रा उमटवावी लागते. मुदत उलटली आणि पडताळणी झाली नाही, तर अर्ज केलेला आहे या कारणास्तव काट्याला कोणतेही अभय मिळत नाही. बिनपडताळणीच्या काट्यावर तोललेले प्रत्येक पोते आक्षेपार्ह ठरते. शिवाय काटा बिघडून दुरुस्त केला गेला, तर मुद्रेची तारीख पुढील वर्षाची असली तरी पुन्हा पडताळणी झाल्यावाचून तो वापरता येत नाही. याउलट, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीची ओळ पाहा. भिजवणीच्या हौदांतून निघणारे पिवळट, आंबूस पाणी ही उष्णा गिरणीची मोठी चिंता; त्यासाठी १९७४ च्या पाणी कायद्याखाली आणि धुराड्यासाठी १९८१ च्या हवा कायद्याखाली मंडळाची संमती घ्यावी लागते, आणि संमतीपत्राच्या अटींतच लिहिलेले असे की नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी किमान ६० दिवस करावा. पाणी कायद्यात असेही कलम आहे की चार महिन्यांत मंडळाने संमती दिली नाही वा नाकारलीही नाही, तर ती दिल्याचे मानले जाते. म्हणजे येथे ‘प्रलंबित’ या शेऱ्याचा अर्थ अर्जाच्या पोचपावतीवरील दिनांकावर अवलंबून राहतो. अन्न परवान्याचा न्याय तिसराच: त्या काळच्या नियमांप्रमाणे मुदत संपण्याच्या ३० दिवस आधीपर्यंत अर्ज पोचला नाही तर प्रत्येक दिवसाला १०० रुपये विलंबशुल्क, आणि मुदतच उलटून गेली तर नूतनीकरण नव्हे, पहिल्यापासून नवा परवाना. कारखाने अधिनियमाखालील परवाना ३१ डिसेंबरला संपणारा असे, आणि त्याचा अर्ज ३१ ऑक्टोबरच्या आत द्यावा लागे. म्हणून डिसेंबरची तारीख वाचून जो निश्चिंत बसला त्याचे खरे काम दोन महिन्यांपूर्वीच चुकलेले असे.

हे सारे ध्यानी घेऊन मी रकाने वाढविले. मुदत संपण्याच्या तारखेशेजारी, अर्ज कोणत्या तारखेपर्यंत जावा, प्रत्यक्ष कधी गेला, पोच कोणत्या क्रमांकाची, आणि अर्ज अनिर्णित असता काम चालू ठेवण्याचा अधिकार कायद्याच्या कोणत्या कलमाने मिळतो, असे रकाने आले. शेवटचा रकाना मालकांना प्रथम अनावश्यक वाटला. “मुनीमजी, बँकेला कलमं कशाला?” असे त्यांनी मला विचारले, आणि तो प्रश्न रास्तच होता, कारण बँकेचा अधिकारी तो रकाना क्वचितच वाचीत असे. पण तो रकाना बँकेसाठी नव्हताच. जिथे कलम लिहिता येत नाही तिथे अधिकारही नाही, आणि ती ओळ अहवालात तांबड्या शाईने लिहावयाची, एवढा नियम त्यातून आम्हां दोघांनाही लागू झाला.

या रकान्याची खरी कसोटी बॉयलरच्या ओळीत लागली, आणि तीच हकिकत विस्ताराने सांगण्याजोगी आहे.

उष्णा तांदळाच्या गिरणीचे सारे तंत्र बॉयलरभोवती फिरते. धान हौदांत भिजवावयाचा, मग त्यात वाफ सोडावयाची, मग वाळवून भरडावयाचा. आणि त्या वाफेसाठी जे इंधन लागते ते भरडाईतूनच निघालेले धानाचे तूस. फुकटचे म्हणून हे इंधन उत्तम, परंतु तुसाच्या राखेत वाळूचाच अंश, म्हणजे सिलिका, फार. ही राख ज्वाळेबरोबर वेगाने नळ्यांत शिरते तेव्हा त्यांच्या तोंडांना घासून झिजविते, आणि बाहेर साचून ओलावली म्हणजे पत्र्याला चिकटून गंज धरविते. आतल्या बाजूने पाण्यातले क्षार पापुद्र्यासारखे बसतात ते वेगळेच. वर्षभर चाललेला बॉयलर बाहेरून रंगवलेला, चकचकीत दिसत असला तरी आतून कोणत्या अवस्थेत आहे, हे तो थंड करून, रिता करून, उघडल्याशिवाय कोणालाही सांगता येत नाही.

याच कारणास्तव १९२३ च्या भारतीय बाष्पक अधिनियमाने अशा बॉयलरचे प्रमाणपत्र बारा महिन्यांपेक्षा अधिक मुदतीचे ठेवले नव्हते. दरवर्षी तपासणीसाठी बॉयलर कसा तयार ठेवावा लागे ते ज्याने पाहिले आहे त्याला या कायद्याची दृष्टी कळते. विस्तव काढून बॉयलर हळूहळू निववावयाचा. पाणी सोडून माणूस उतरू शकेल ते भोक आणि तळाशी गाळ काढण्याची लहान दारे उघडावयाची. आतले क्षार हातोडीने खरवडावयाचे. नळ्यांतून ब्रश फिरवून काजळी काढावयाची. सुरक्षा झडप, पाण्याच्या पातळीच्या काचा, पाणी आत घेणारी व गाळ सोडणारी झडप, हे सारे सोडवून मांडून ठेवावयाचे. निरीक्षक आत दिवा घालून पत्रा पाहतात, हातोडीने ठोकून आवाज ऐकतात. नंतर बॉयलर पाण्याने काठोकाठ भरून, आतील हवा काढून, हातपंपाने नित्याच्या दाबापेक्षा अधिक दाब देतात आणि कुठे पाझर फुटतो काय, काटा उतरतो काय, ते पाहतात. अखेरीस विस्तव पेटवून, ठरविलेल्या दाबाला सुरक्षा झडप आपोआप उचलते की नाही याची खात्री करतात. या साऱ्या खटाटोपाला काही दिवस लागतात आणि तेवढे दिवस वाफ बंद राहते; म्हणूनच गिरणीमालकांचा कल तपासणी पुढे ढकलण्याकडे असतो. आमच्या प्रमाणपत्राची मुदत तर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे हलका धान येऊ लागण्याच्या ऐन तोंडावर संपत असे.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज मुदतीपूर्वीच, शुल्काच्या चलनासह, गेलेला होता. तपासणीची तारीख मिळून ती पार पडावयाची होती. मध्यंतरी प्रमाणपत्राची मुदत संपली. पण येथे कायदा मालकाच्या बाजूने उभा राहत असे: अधिनियमाच्या कलम १० अन्वये, मुदत संपण्यापूर्वी ज्याने नूतनीकरणाचा अर्ज केलेला असे त्याला, अर्जावर हुकूम होईपर्यंत, जुन्या प्रमाणपत्रात लिहिलेल्या कमाल दाबापर्यंत बॉयलर वापरता येई. म्हणून माझ्या मसुद्यात ओळ अशी होती: मुदत संपलेली, अर्ज मुदतीत, पोच अमुक, वापराचा अधिकार कलम १०. काळ्या शाईची, निर्वेध ओळ. दिवाळीनंतर अहवाल बँकेकडे जावयाचा होता.

अहवालातील प्रत्येक विधान दप्तरातील एखाद्या कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय सही करावयाची नाही, असा माझा परिपाठ असे. आणि परवान्यांचे कागद पाहून झाले की मी त्या महिन्यांची दुरुस्तीची बिलेही चाळीत असे. त्याचे कारण वर काट्याच्या बाबतीत सांगितलेच आहे: यंत्राला हात लागला की कागदावरील तारखेचे मोल बदलते. ती चाळताना, दिवाळीच्या सुटीत गिरणी बंद असताना केलेल्या कामाचे एका फिटरचे बिल हाती आले. त्यात दोन नोंदी होत्या. पहिली, धुराच्या काही नळ्या बदलल्याची. दुसरी, खालच्या दाराजवळ पट्टी लावून वेल्डिंग केल्याची.

पहिल्या नोंदीने मी फारसा विचलित झालो नाही. अधिनियमाच्या व्याख्येतच असे होते की किरकोळ स्वरूपाचा भाग, जुन्याहून बळात कोणत्याही प्रकारे कमी नसलेला, बदलला तर त्यास रचनेतील बदल वा नूतनीकरण मानावयाचे नाही. आणि त्याच जाडीच्या, योग्य प्रतीच्या चार नळ्या बदलणे या सवलतीत बसविता येण्याजोगे होते. दुसरी नोंद मात्र निराळ्या जातीची होती. गाळ काढण्याच्या दाराभोवती बॉयलरच्या मूळ पत्र्यावर पट्टी जोडणे हा त्याच्या अंगाला केलेला बदल आहे. आणि असा बदल कलम १२ प्रमाणे मुख्य निरीक्षकांच्या लेखी मंजुरीवाचून करता येत नसे, मान्यताप्राप्त दुरुस्तीकार आणि प्रमाणित वेल्डर यांच्यावाचून तर नाहीच नाही. कलम ८ म्हणत असे की असा बदल झाला की प्रमाणपत्र अंमलात राहत नाही. आणि आमच्या ओळीच्या दृष्टीने सर्वांत निर्णायक वाक्य त्या कलम १० च्याच दुसऱ्या परिच्छेदात होते: मुदत संपल्यानंतर असा बदल घडला असेल, तर अर्ज केलेल्या मालकाला मिळणारे पहिल्या परिच्छेदाचे संरक्षण लागू होत नाही. अर्ज तोच, पोच तीच, निरीक्षकांच्या कचेरीतील प्रलंबित स्थितीही तीच. परंतु एका पट्टीच्या वेल्डिंगने त्या प्रलंबिततेतून वापराचा अधिकार निघून गेला होता.

मी बॉयलरघरात गेलो. आमचा बॉयलर चालक द्वितीय श्रेणीचे सक्षमता प्रमाणपत्र असलेला, गडचिरोलीकडचा, मितभाषी गृहस्थ. पट्टीविषयी विचारताच त्याने दाराजवळची जागा दाखविली आणि म्हणाला, “मुनीमजी, तिथून बारीक पाणी येत होतं जी. मी सांगितलं होतं बंद ठेवा म्हणून. दाब तं गेजवर दिसते, पण पत्रा कितीक झिजला ते गेजवर नाही दिसत.” दाराची जुनी गॅस्केट पाझरत राहिली, त्या पाझराने बाहेरची राख ओली राहिली, आणि ओल्या राखेखाली पत्रा गंजत गेला, असा त्या झिजेचा क्रम त्याने थोडक्या शब्दांत मांडला. पट्टीने पाझर थांबला होता. पत्र्याची जाडी परत आली नव्हती. पट्टीच्या कडेला जिथे नवे वेल्ड आणि झिजलेला जुना पत्रा मिळतात, तिथेच तडा जाण्याचे भय सर्वाधिक, हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही.

कचेरीत परतून मी ती ओळ पुन्हा लिहिली. मुदत संपलेली, अर्ज मुदतीत, परंतु मुदतीनंतर मंजुरीविना बदल, वापराचा अधिकार नाही. तांबडी शाई. आणि पुढील कृतीच्या रकान्यात: बॉयलर आज बंद, निरीक्षकांना बदलाची लेखी माहिती, मान्यताप्राप्त दुरुस्तीकाराकडून रीतसर दुरुस्ती, नंतर तपासणी.

मालकांना ती ओळ दाखविली तेव्हा त्यांनी बराच वेळ काही उत्तर दिले नाही. त्यांची अडचण सोपी नव्हती. हौदांत धान भिजत होता. भिजलेला धान वेळेत वाफवला नाही तर आंबतो, त्याच्या तांदळाला वास येतो आणि रंग उतरतो. न वाफवता तसाच वाळवावा तर भरडताना दाणा तुटून कनकी वाढते. शिवाय अहवाल बँकेकडे अशाच शब्दांत गेला तर मर्यादेचे नूतनीकरण लांबेल, हे भय होतेच. त्यांनी मला विचारले, “आजचे हौद तेवढे काढून घेतले तर?” मी म्हटले, “भाऊसाहेब, कलमात ‘आजचे हौद’ असा अपवाद नाही. आणि पत्र्यातही नाही.” हे वाक्य उच्चारताना माझ्या मनात त्यांच्याविषयी अनादर नव्हता. पट्टी लावून घेण्याचा निर्णय सुटीतील कामाच्या घाईत, फिटरच्या भरवशावर झालेला होता, आणि आता तो सुधारण्याची इच्छा त्यांच्या ठायी होती, हे मला दिसत होते. त्याच सायंकाळी विस्तव काढला गेला. हौदांतला धान ट्रॅक्टरांनी शेजारच्या गिरणीत वाफवण्यासाठी नेला; भाडे आणि वाफेचे पैसे मोजावे लागले, पण धान वाचला. साध्या भरडाईला वाफ लागत नाही, तेव्हा गिरणीची तेवढी बाजू चालू राहिली आणि हमालांची रोजी बुडाली नाही.

पुढे रीतसर जे घडावयाचे ते घडले. पट्टी काढून टाकली गेली. झिजलेला भाग मोजून तेवढा पत्रा कापून काढला. त्याच जाडीचा, प्रमाणित पत्रा मूळ पत्र्याशी समपातळीत बसवून प्रमाणित वेल्डरने जोडला. मग पाण्याच्या दाबाची परीक्षा, मग वाफेवर सुरक्षा झडपेची. बँकेकडे मी अहवाल तांबड्या ओळीसह पाठविला, आणि त्यासोबत दुरुस्तीचा आराखडा व निरीक्षकांना दिलेल्या पत्राची नक्कल जोडली. बँकेच्या अधिकाऱ्यांनी मर्यादा स्थगित ठेवली नाही. प्रमाणपत्र मिळताच त्याची प्रत द्यावी, एवढी अट घातली. जे लपवलेले नाही आणि ज्याच्या पुढे कृतीची तारीख लिहिलेली आहे, ते सावकाराला सहसा घाबरवीत नाही, असा माझा अनुभव आहे. त्याला घाबरविते ती नंतर उघडकीस येणारी गोष्ट.

या हकिकतीनंतर अहवालाच्या नमुन्यात आणखी एक रकाना आला: गेल्या नूतनीकरणानंतर यंत्राला, इमारतीला वा क्षमतेला काही बदल झाला काय. बॉयलरला, काट्याला, हौदांच्या संख्येला, धुराड्याच्या उंचीला, नव्या मोटरीला, सर्वांना तो लागू. संमतीपत्र अमुक टन उत्पादनासाठी दिलेले असता गिरणीने मध्येच एक हौद वाढविला, तर संमतीपत्राची तारीख कितीही पुढची असली तरी ते त्या वाढीव हौदापुरते मुके असते. परवाना ज्या वस्तूसाठी दिला ती वस्तू आज तशीच आहे काय, हे तपासल्यावाचून तारखेवर विसंबणे धोक्याचे, ही गोष्ट त्या एका बिलाने मला शिकविली.

आता ‘लागू नाही’ या शेऱ्याविषयी. माझ्या मते अहवालातील सर्वांत बेभरवशाचा शेरा हाच, कारण त्यापुढे कोणताही कागद जोडावा लागत नाही. जुन्या नमुन्यात भविष्य निर्वाह निधीच्या ओळीपुढे वर्षानुवर्षे ‘लागू नाही’ असे लिहिलेले असे, आणि कारण तोंडी सांगितले जाई की आपल्याकडे २० माणसे नाहीत. हजेरीपत्रक पाहिले तर ते खरेही वाटे. परंतु १९५२ च्या त्या अधिनियमात कर्मचारी म्हणजे केवळ हजेरीवरचा माणूस नव्हता. कंत्राटदारामार्फत आस्थापनेच्या कामी लावलेला माणूसही त्यात येई. आमच्या गिरणीचा वर्षभराचा गडी मोजका. पण धान उतरविण्याच्या दिवसांत पोती वाहणारे हमाल, हौद भरणारे, वाळवणीवर राबणाऱ्या बाया, यांची गर्दी होते, आणि त्यांचा हिशेब हजेरीत नसून कीर्दीत, पोत्यामागे दिलेल्या मजुरीच्या रूपाने, लिहिलेला असतो. म्हणून मी ती संख्या मार्चमध्ये अंगणात उभा राहून मोजली नाही. डिसेंबर-जानेवारीच्या कीर्दीतील मजुरीच्या पावत्यांवरून सर्वांत गर्दीचा दिवस काढला आणि त्या दिवसाची नावे मांडली. हंगामाच्या चार दिवसांत २० चा आकडा ओलांडला गेला होता, आणि या अधिनियमाचे वैशिष्ट्य असे होते की एकदा तो आस्थापनेला लागू झाला की पुढे माणसे कमी झाली तरी तो लागूच राही.

मालकांशी याविषयी जो संवाद झाला तो बॉयलरच्या वेळेपेक्षा अधिक दीर्घ आणि अधिक शांत होता. त्यांनी सल्लागारांकडे विचारपूस केली, मीही त्या नावांपैकी कोण नेहमीचे, कोण एका दिवसाचे, कोणाला दुसऱ्या गिरणीतही काम असते, याची यादी केली. अखेर त्यांनी स्वतःहून नोंदणी करून घेण्याचे ठरविले. त्या दिवशी अहवालातील ‘लागू नाही’ या शब्दांवर रेघ ओढताना मला जे समाधान लाभले ते बॉयलरच्या नव्या प्रमाणपत्रानेही लाभले नव्हते, हे मोकळेपणाने सांगतो. बॉयलरची ओळ आम्हां सर्वांच्या जिवाशी निगडित होती. ही ओळ ज्यांच्या पाठीवरून गिरणीचा प्रत्येक दाणा आत येतो त्यांच्या म्हातारपणाशी. त्या मंडळींपैकी पुष्कळांना आपल्या नावाने कुठे काही जमा होत असते हेच ठाऊक नव्हते, आणि खात्याचा क्रमांक कागदावर लिहून हाती देताना तो नीट घडी करून टोपीत ठेवणारे हात मी पाहिले आहेत.

आमच्या वनप्रदेशाशी निगडित अशी एक लहान ओळ जाता जाता नोंदवितो, कारण इतर जिल्ह्यांतील नमुन्यांत ती सापडणार नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस भरडाई मंदावली की तूस अपुरे पडते आणि काही गिरण्या जळाऊ लाकूड घेतात. या जिल्ह्यांत लाकडाचा प्रत्येक ओंडका कुठून आला हे विचारले जाते. म्हणून इंधनाच्या ओळीत लाकूड खरेदीची पावती आणि वाहतूक परवाना, ज्याला येथे सारे टी. पी. म्हणतात, या दोहोंचे क्रमांक मी लिहीत असे. पावतीवरचे माप आणि परवान्यावरचे माप जुळते काय, एवढेच पाहावयाचे असते.

२०२५ साली १९२३ चा बाष्पक अधिनियम जाऊन त्याच्या जागी नवा बाष्पक कायदा आला, आणि त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला चार श्रमसंहिता अंमलात येऊन वेतन, सामाजिक सुरक्षा, कामाच्या ठिकाणची सुरक्षितता यांविषयीचे कित्येक जुने कायदे त्यांत विलीन झाले. माझ्यानंतर गिरणीचे दप्तर पाहणारा तरुण, ज्याला मी आजही अधूनमधून साहाय्य करतो, त्याने या वर्षीचा अहवाल करावयास घेतला तेव्हा प्रथम जुन्या कायद्यांची नावे नव्याने बदलून टाकावीत आणि बाकी मजकूर तसाच ठेवावा, असा त्याचा विचार होता. मी त्याला सुचविले की नावे शेवटी बदल. आधी प्रत्येक ओळीतील वापराच्या अधिकाराचा रकाना पूर्ण रिकामा कर, आणि नव्या कायद्यातील कलम स्वतः वाचून, जुन्या नियमाखाली दिलेला परवाना किती काळ ग्राह्य धरला जाईल हे पाहून, मग तो भर. जिथे कलम सापडत नाही तिथे संबंधित कचेरीला लेखी पृच्छा कर आणि पृच्छेची पोच त्या ओळीला जोड. त्याने तसे केले. सध्या त्याच्या अहवालात दोन ओळी तांबड्या आहेत. दोन्हींपुढे पत्राचा जावक क्रमांक आहे. आणि बॉयलरच्या ओळीची एक प्रत, मी चालू केलेल्या रिवाजाप्रमाणे, बॉयलरघरात चालकाच्या हाती दिली जाते, कारण वाफ चालू ठेवावी की नाही हे दर पाळीला ठरविणारा माणूस तोच आहे.